प्रवाहातील पोहणे आणि परतीची वेळ

नदीत घाटापासून प्रवाहाबरोबर चारशे मीटर जाऊन तेवढेच परत यायचे असेल, तर जाताना पाणी जेवढी मदत करील तेवढेच येताना अडवील आणि हिशेब बरोबरीत सुटेल, असे आपल्याला सहज वाटते. तो तसा सुटत नाही. प्रवाहाविरुद्ध गती मंदावते, म्हणून अडवणाऱ्या पाण्यात आपल्याला अधिक वेळ काढावा लागतो.

समजा, साठीपलीकडचे एक गृहस्थ स्थिर पाण्यात मिनिटाला ३० मीटर पोहतात. हे आठशे मीटर त्यांना तलावात सुमारे २७ मिनिटांत जमतील. नदीचा वेग मिनिटाला १० मीटर असेल, तर जाताना त्यांची गती ४० होईल आणि चारशे मीटर १० मिनिटांत सरतील. येताना ती २० उरेल आणि तेवढ्याच अंतराला २० मिनिटे लागतील. प्रवाह २० मीटर झाला की जाणे ८ मिनिटांचे, पण परतणे तब्बल ४० मिनिटांचे! प्रवाह ३० मीटर असेल, तर ते हात मारीत जागच्या जागीच राहतील.

म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी प्रवाह मोजावा. काठावर पावलांनी वीस मीटर मोजून दोन खुणा कराव्यात, वरच्या अंगाला एक संत्रे पाण्यात टाकावे आणि ते पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत किती वेळात जाते ते घड्याळात पाहावे. पान वाऱ्यानेही सरकते. संत्रे बरेचसे पाण्याखाली राहत असल्याने त्याची साक्ष अधिक खरी. मात्र ते आपण जेथून पोहणार तेथेच टाकावे, कारण काठाजवळचे पाणी संथ आणि मधले वेगवान असते. वीस मीटरला दोन मिनिटे लागली, तर वेग मिनिटाला १० मीटर. तो आपल्या गतीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक भरला, तर त्या दिवशी जाऊन-येऊन पोहण्याचा बेत सोडावा, असे माझे मत आहे.

आरंभ नेहमी प्रवाहाविरुद्ध करावा. थकलेल्या हातांची गती मिनिटाला ३० वरून २५ वर आली, तर १० मीटरच्या प्रवाहाविरुद्ध हाती केवळ १५ मीटर उरतात. प्रवाहाबरोबर मात्र ३५ मिळतात. काठावर थांबणाऱ्यांनी वळण्याची आणि परतण्याची वेळ लिहून ठेवावी. वरच्या उदाहरणात वळण विसाव्या मिनिटाला यावयास हवे. ते पंचविसाव्या मिनिटापर्यंत आले नाही, तर हाक मारून परत बोलवावे.

घरी आल्यावर स्वतःची गती काढताना एकूण अंतराला एकूण वेळेने भागू नये; त्याने २७ येईल आणि आपण मंदावलो असे उगीच वाटेल. दोन्ही दिशांच्या गती, ४० आणि २०, यांची सरासरी घ्यावी. ती ३० येते, तीच आपली खरी गती. त्या दोहोंतील फरकाचा निम्मा, म्हणजे १०, हा त्या दिवसाचा प्रवाह. खाडीत मात्र भरती-ओहोटीने प्रवाह पोहता पोहताच बदलतो. तेथे हा हिशेब लागू पडत नाही.