टकटक होतंय, पण गॅस पेटत नाही

तर मंडळी, आजचा पेशंट म्हणजे बॅटरीवाली शेगडी. नॉब फिरवला, टकटक ऐकू येतंय, पण ज्योत नाही. चार-पाच सेकंदांत पेटली नाही तर नॉब बंद करा, खिडकी उघडा आणि वास पूर्ण जाईपर्यंत थांबा.

मग तोच बर्नर लायटरने पेटवून बघा. छान गोल पेटला, तर गॅस येतोय, गडबड ठिणगीची आहे. पण इग्नायटरकडची बाजू कोरी राहिली, तर तिथली भोकं बुजलीत. दूध उतू गेलं की नेमकं हेच होतं: ठिणगी पडते, पण तिच्यासमोर गॅसच नसतो.

अशा वेळी रेग्युलेटर बंद करा, बर्नर गार होऊ द्या. तो काढून गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग एकेका भोकात पिन घाला. टूथपिक नको, टोक आतच तुटतं. पूर्ण सुकवूनच परत बसवा, नाहीतर पुन्हा तेच रडगाणं.

ठिणगी तपासायची तर रेग्युलेटर बंदच ठेवा आणि अंधुक उजेडात नॉब फिरवा. टकटक रेंगाळतेय, ठिणगी फिकी दिसतेय? शेगडीखालच्या डबीतला सेल बदला, प्लस-मायनस बघून. नव्या सेलवरही ठिणगी भलतीकडेच उडत असेल, तर इग्नायटरचं टोक सुक्या कापडाने पुसा. त्याचं पांढरं चिनीमातीचं आवरण तडकलं असेल, तर मात्र पुसून भागत नाही, मेकॅनिककडून तो भागच बदलून घ्या.