अधिकच्या चिन्हाआधीचा आकडा

मावशी डबे पुरवतात. आतापर्यंत बटणांच्या फोनवर भागलं, पण आता गिऱ्हाईकं व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर देतात आणि पैसे यूपीआयनं पाठवतात. मुलानं पढवून पाठवलेलं एकच वाक्य त्यांनी दुकानात म्हटलं, "रॅम जास्त असलेला दाखवा."

काउंटरवर दोन फोन होते, किंमत जवळपास सारखीच. एकाच्या खोक्यावर ठळक '12 जीबी रॅम', दुसऱ्यावर 6 जीबी. मावशींचा हात अर्थातच पहिल्याकडे गेला.

"थांबा मावशी, ती चांदणी बघितली का?" दुकानदारानं खोकं उलटं केलं. चांदणीचा खुलासा मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत होता: 4 जीबी अधिक 8 जीबी व्हर्च्युअल. "खरी रॅम चारच. उरलेली आठ स्टोरेजमधून उसनी घेतलेली."

"म्हणजे?"

"रॅम म्हणजे तुमचा ओटा, स्टोरेज म्हणजे पोटमाळा. ओट्यावर मावत नाही ते पोटमाळ्यावर टाकता येतं. पण कढई हवी झाली की शिडी लावावी लागते."

फोनमध्ये नेमकं हेच होतं. वापरात नसलेल्या अ‍ॅपचा मजकूर स्टोरेजमध्ये ढकलला जातो आणि ते अ‍ॅप पुन्हा उघडलं की परत आणावा लागतो. स्टोरेजचा वेग रॅमपेक्षा कितीतरी कमी. त्यातून स्वस्त फोनांत ते बहुधा ईएमएमसी प्रकारचं, म्हणजे यूएफएसपेक्षाही संथ. शिवाय उसनी घेतलेली जागा फोटोंच्या वाट्यातूनच जाते. ही सोय अगदीच खोटी नाही. मागे पडलेली अ‍ॅप लगेच बंद पडत नाहीत, एवढा उपयोग होतो. खोटेपणा आहे तो दोन्हींची बेरीज करून ठळक छापण्यात. ऑर्डर वाचता वाचता पैसे आले का ते बघायला गेलं आणि परत आल्यावर व्हॉट्सअ‍ॅप पहिल्यापासून उघडलं, तर समजावं की खरी रॅम अपुरी पडतेय.

"पण याला मागे दोन कॅमेरे आहेत," मावशींनी शेवटचा प्रयत्न केला. दुकानदारानं दुसऱ्या भिंगावर बोट ठेवलं आणि साध्या मोडमध्ये फोटो काढला. फोटोत काही फरक नाही. ते 2 मेगापिक्सेलचं भिंग पोर्ट्रेटमध्ये मागचा भाग धूसर करायला थोडी मदत करतं, इतकंच. खरं काम 50 मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा करतो, आणि तोही एरवी चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो.

"मला पहिल्यात जास्त सुटतं," तो हसत म्हणाला, "पण फोन अडकायला लागला की तुम्ही माझ्याकडेच येणार." मावशींनी 6 जीबीचा घेतला.

तुम्ही फोन घ्यायला जाल तेव्हा दुकानातच सेटिंग्जमधलं 'About phone' उघडून दाखवायला सांगा. बऱ्याच फोनांत तिथे रॅम '4.00 GB + 8.00 GB' अशी दिसते. अधिकच्या चिन्हाआधीच्या आकड्याचेच पैसे मोजा.