दुसऱ्या नमुन्याची वाट

पहाटे साडेपाचला ५८ वर्षांच्या गृहस्थांना आमच्या तातडीच्या विभागात आणलं. छातीत दुखू लागून जेमतेम तास झाला होता. ईसीजीत ठळक बदल नव्हता. रक्ताचा अहवाल आला: ट्रोपोनिन टी ९, खाली छापलेली मर्यादा १४. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, नॉर्मल आहे ना? मग बाबांना घरी नेतो."

मी म्हटलं, "थांबा. साडेआठला पुन्हा रक्त घेऊ." त्याच्या चेहऱ्यावरचा संशय मला दिसला. एकच तपासणी दोनदा, म्हणजे बिल वाढवणं!

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं, त्याच्या आकुंचनाचं नियमन करणारं प्रथिन. स्नायूच्या पेशींना इजा झाली की ते रक्तात झिरपतं. पण झिरपायला वेळ लागतो. दुखणं सुरू होऊन तासाभरात घेतलेल्या रक्तात ते पुरेसं उतरलेलं नसू शकतं. म्हणूनच अहवाल वाचण्याआधी मी विचारतो, दुखायला नेमकं कधी लागलं? हे उत्तर नातेवाइकांकडेच असतं.

साडेआठचा आकडा आला ६४. अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद सापडली. पहिल्या आकड्यावर विसंबून ते घरी गेले असते, तर हे कळलंच नसतं.

त्याच आठवड्यात डायलिसिसवरच्या एका बाईंचा पहिलाच आकडा ५२ आला. त्यांची बहीण रडू लागली. तीन तासांनी आकडा ५४. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात ट्रोपोनिन कायमच वाढलेलं असू शकतं. ईसीजीही जुन्यासारखाच होता. आकडा मोठा, पण जागच्या जागी. ताज्या झटक्यात तो चढतो किंवा उतरतो.

अहवालात कधी सीके-एमबी असतं. तेही इजेनंतर वाढतं, पण दोन-तीन दिवसांत उतरतं. ट्रोपोनिन आठवडाभर किंवा जास्तही रेंगाळतं. बीएनपी मात्र हृदयावर पडलेला ताण दाखवतं, झटका नव्हे.

आकडे ताडताना एकक पाहा. ०.०१४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर एकच. ट्रोपोनिन टी आणि आय यांच्या मर्यादा वेगळ्या असतात, म्हणून दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवू नयेत.

ट्रोपोनिन इजा सांगतं, कारण नाही. हृदयस्नायूचा दाह किंवा फुप्फुसातली गुठळी यांतही ते वाढतं. उलट ईसीजीतच मोठा झटका स्पष्ट दिसला, तर आम्ही अहवालासाठी थांबतच नाही.

निघताना मुलाने दोन्ही कागद एकत्र घडी घालून खिशात ठेवले.