सातच्या आत, सहा हजारांत

एका बेकरीला रोज पहाटे १२० दुकानांत पावाचा एकेक ट्रे पोचवायचा आहे, असं समजू. मालक म्हणतात, निदान ११४ ट्रे सातच्या आत गेलेच पाहिजेत. हिशेब सांभाळणाऱ्या धाकट्या भावाचा हट्ट, भाडं ६,००० रुपयांवर जाता कामा नये. टेम्पो सातच्या आत ३० ट्रे पोचवतो, भाडं १,५०० रुपये. मालवाहू रिक्षा १० ट्रे, ६०० रुपये. टेम्पो तीनच मिळतात. राहिलेले ट्रे दुसऱ्या फेरीत त्याच भाड्यात जातात.

दोन्ही अटी एकदम पाळायच्या म्हटलं तर उत्तरच नाही. गाड्या पूर्णांकातच घ्यायच्या असल्याने पूर्णांकी लिनियर प्रोग्रॅमिंग इथे हात टेकतं. गोल प्रोग्रॅमिंग मात्र अटीला लक्ष्य मानतं: ते चुकलं तरी चालेल, पण कितीने चुकलं ते मोजायचं. या मोजमापाचं मूळ चार्न्स, कूपर आणि फर्ग्युसन यांच्या १९५५च्या लेखात आहे. त्यांचा विषय होता अधिकाऱ्यांचे पगार.

x टेम्पो आणि y रिक्षा धरल्या, आणि दोन्ही पूर्णांकच ठेवले, तर मांडणी अशी होते:

```
30x + 10y + n1 - p1 = 114
1500x + 600y + n2 - p2 = 6000
x <= 3
```

n म्हणजे लक्ष्यापेक्षा किती कमी पडलं, p म्हणजे किती जास्त झालं. यांना विचलन म्हणतात. ट्रे कमी पडणं वाईट, म्हणून n1 खटकतो. खर्च वाढणं वाईट, म्हणून p2. उरलेल्या दोघांची तक्रार नाही.

n1 आणि p2 यांची सरळ बेरीज करायचा मोह होतो, पण चार ट्रे आणि तीनशे रुपये एकत्र कसे मिळवणार? म्हणून प्राधान्य ठरवायचं. मालकांचं आधी ऐकलं, तर प्रथम n1 शून्य करायचा आणि तो तसाच ठेवून p2 कमीत कमी करायचा. उत्तर येतं तीन टेम्पो, तीन रिक्षा: १२० ट्रे वेळेत, खर्च ६,३००. हा क्रम कठोर आहे. एक ट्रे वाचवायला कितीही पैसे लागले, तरी पद्धत ते खर्च करते. मालकांना खरंच तसं म्हणायचंय का, हे आधी विचारून घ्यावं.

आता भावाचं आधी ऐकू. तीन टेम्पो आणि दोन रिक्षा घेतल्या तर ११० ट्रे वेळेत जातात, खर्च ५,७००. पण दोन टेम्पो आणि पाच रिक्षांतही ११०च ट्रे जातात, खर्च पूर्ण ६,०००. दोन्हीकडे p2 शून्य, n1 चार, म्हणून पद्धतीच्या लेखी दोन्ही सारखीच; संगणक यातली महागडी योजनाही निमूटपणे पुढे करू शकतो. सहा हजारांच्या आत वाचलेल्या पैशाला मांडणीत किंमतच दिलेली नव्हती. उपाय सोपा आहे: शेवटी आणखी एक पायरी घालायची, आधीची विचलनं न वाढवता एकूण खर्च कमीत कमी करण्याची. मग ५,७०० रुपयांचीच योजना उरते आणि भांडण चार ट्रेंवर येतं.