कंसातलं कंसात, तळातलं तळात

एडवर्ड लॉरेन्स मार्क हे हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ. १८८१ साली त्यांनी बागेतल्या बिनशंखाच्या गोगलगाईच्या अंड्यांवर एक भलामोठा शोधनिबंध छापला. लेखकाचं आडनाव, पुढे वर्ष, आणि पूर्ण माहिती शेवटच्या यादीत ही पद्धत त्या निबंधापासून सुरू झाली असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. आज तिला हार्वर्ड पद्धत किंवा लेखक-वर्ष पद्धत म्हणतात. मला त्या निबंधातली वेगळीच गोष्ट आवडते. नावापुढे हा आकडा कशाला लिहिला, असं वाचकाला वाटेल म्हणून मार्क यांनी तिथेच एक तळटीप दिली. या आकड्यावरून शेवटच्या यादीतला लेख शोधता येईल आणि तो साधारण कधीचा आहे हेही लगेच कळेल, असा तिचा आशय. म्हणजे पहिल्याच दिवशी कामाची वाटणी झाली होती. कुठून घेतलं ते ओळीत सांगायचं आणि त्यावरचं बोलणं तळाशी करायचं.

ही वाटणी आपल्याकडे बिघडते, त्यालाही कारण आहे. इतिहास किंवा साहित्य शिकलेल्यांच्या हाताला दुसरी पद्धत बसलेली असते. तिथे ग्रंथाचं नाव, आवृत्ती, पान, सगळं तळटिपेतच जातं आणि तोच ग्रंथ पुन्हा आला की ‘तत्रैव’. त्या पद्धतीत ते बरोबरच आहे. पण पुढे समाजशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या नियतकालिकासाठी निबंध लिहिताना संपादक लेखक-वर्ष पद्धत मागतात. मग निम्मे संदर्भ कंसात जातात, निम्मे सवयीने तळाशी उतरतात.

एक उदाहरण घेऊ. विषय आहे दारिद्र्यरेषा. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या गरिबीचा जो अभ्यास मांडला, त्यात गावाला आणि शहराला एकच मोजमाप लावलं होतं, दरडोई दररोज २२५० उष्मांक. पुढे नियोजन आयोगाच्या कृतिगटाने १९७९ साली हे आकडे वेगळे केले. गावासाठी २४००, शहरासाठी २१००. आता एका विद्यार्थिनीचा पहिला खर्डा असा आहे असं समजा: ‘दांडेकर आणि रथ यांनी किमान गरज २२५० उष्मांक धरली.’ त्यातल्या २२५० या आकड्याला चिकटून वर चढवलेला छोटा १. तळाशी टीप क्रमांक १ मध्ये दोघांची नावं, ग्रंथाचं नाव आणि वर्ष. पुढच्या परिच्छेदात मात्र कृतिगटाचा संदर्भ कंसात आहे, (नियोजन आयोग १९७९). आणि टीप क्रमांक २ मध्ये आकडे का बदलले याची चर्चा.

इथे वाचकाची पंचाईत होते. वरचा छोटा आकडा दिसला की खाली जावं की नाही, हे त्याला ठरवता येत नाही. पहिल्यांदा तो उतरला तर नुसतं ग्रंथाचं नाव मिळालं, म्हणून दुसऱ्यांदा तो उतरणारच नाही. खरं बोलणं तर दुसऱ्या टिपेतच होतं. शिवाय २२५० ला चिकटलेला तो १ घाईत वाचला तर आकडा २२५०१ वाटतो. मजकूर एका फाइलमधून दुसरीत चिकटवताना वर चढवलेला आकडा खाली उतरला, तर तो खरोखरच २२५०१ होतो. म्हणून टिपेचा आकडा वाक्याच्या शेवटी, पूर्णविरामानंतर द्यावा. वाक्य संख्येवर संपत असेल तर ते थोडं फिरवून घ्यावं.

दुरुस्त वाक्य असं होईल: ‘दांडेकर आणि रथ यांनी गावाला आणि शहराला एकच किमान गरज, २२५० उष्मांक, लावली (दांडेकर आणि रथ १९७१).’ पूर्णविरामानंतर छोटा १. आणि तळाशी: ‘कृतिगटाने पुढे गावासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० असे आकडे धरले (नियोजन आयोग १९७९). या निबंधात सगळीकडे जुनाच आकडा वापरला आहे, कारण तुलना १९७१ च्या निष्कर्षांशी करायची आहे.’

टिपेतही कंस आलाच, आणि इथेच पुष्कळ जण अडखळतात. टिपेतल्या विधानालाही आधार लागतो. तो आधार टिपेत असला तरी लेखक-वर्ष याच रूपात द्यायचा आणि त्या लेखनाची पूर्ण नोंद शेवटच्या संदर्भसूचीत करायची. टिपेत आलंय म्हणून सूचीतून सुटका नाही. नोंद राहून गेल्याचे प्रकार मी पाहिले ते बहुतेक टिपांमधलेच, कारण सूची तपासताना माणूस मुख्य मजकूरच वाचतो.

टीप योग्य जागी आहे का, हे पाहायला मी एक साधी युक्ती वापरतो. टिपेतली सगळी नावं, वर्षं आणि पानांचे आकडे पेन्सिलीने खोडायचे. उरलेल्यात वाक्य आहे का? नसेल तर ती टीप नव्हे, वाट चुकलेला संदर्भ आहे. त्याला वर कंसात न्यावं. मग उलट बाजूने पाहायचं. टीप हाताने झाकून वरचा परिच्छेद वाचायचा. युक्तिवाद लंगडला तर ते बोलणं मुख्य मजकुरातच हवं होतं. ‘अधिक माहितीसाठी पाहा’ म्हणून पाच नावं देणाऱ्या टिपा या दोन्हींच्या मधे लोंबकळतात. माझ्या मते त्यातल्या बहुतेक, आपण किती वाचलंय हे दाखवण्यासाठी असतात. पाहायचं ते कशासाठी, हे अर्ध्या वाक्यात सांगता येत असेल तरच ती टीप ठेवावी.

आणखी एक खूण म्हणजे एकच क्रमांक दोनदा येणं. वैद्यकाच्या नियतकालिकांत संदर्भांनाच क्रमांक असतात, त्यामुळे तिथे ७ हा आकडा दहा वेळा येऊ शकतो. लेखक-वर्ष निबंधात क्रमांक फक्त टिपांचे, आणि प्रत्येक एकदाच. तीच टीप पुन्हा आठवण करून द्यायची असेल तर कंसात ‘टीप ३ पाहा’ असं लिहावं. तक्त्याखालच्या टिपांना तर या क्रमात घेऊच नये. त्यांना अ, आ किंवा तारका द्यावी आणि त्या तक्त्यालाच चिकटून ठेवाव्यात.

टिपा पानाच्या तळाशी न देता निबंधाच्या शेवटी दिल्या, तर घोळाला नवी जागा मिळते, कारण मग शेवटी दोन याद्या येतात. शिकागोच्या नियमपुस्तकाप्रमाणे आधी टिपा, मग संदर्भसूची. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या नियमांत, टिपा वेगळ्या पानावर दिल्या तर त्या सूचीनंतर येतात. नियतकालिकाला काय हवं ते विचारून घ्यावं आणि दोन्ही याद्यांना ठळक, वेगळी शीर्षकं द्यावीत. वर्ड मात्र अंत्यटिपा मुकाट्याने फाइलच्या अगदी टोकाला, म्हणजे सूचीच्याही मागे टाकतो, आणि त्यांना i, ii, iii असे रोमन आकडे देतो. टिपा सूचीच्या आधी हव्या असतील तर सूचीच्या आधी Section Break घालायचा आणि टिपांच्या खिडकीत End of document ऐवजी End of section निवडायचं. आकडे बदलण्याची सोय त्याच खिडकीत Number format पाशी आहे.

झोटेरोसारखी संदर्भ सांभाळणारी साधनं वापरणाऱ्यांनी शैली निवडताना जपावं. तिथे शिकागोच्या टिपांच्या आणि लेखक-वर्षाच्या शैली शेजारी शेजारी दिसतात. चुकून टिपांची शैली निवडली की प्रत्येक संदर्भ आपोआप तळटीप होतो आणि आपल्या भाष्याच्या टिपांमध्ये मिसळून क्रमांकांची एकच रांग लागते. लेखक-वर्षाची शैली निवडलेली असेल तर आधी वर्डमधून तळटीप घालायची, तिच्यात आपलं वाक्य लिहायचं आणि मग तिथेच साधनाकडून संदर्भ घालायचा. तो कंसातच येतो, आणि सूचीतली नोंदही आपोआप होते.