दिवाळी अंकाचं कव्हर: नाव वाचता येतंय का, आधी ते बघा

गेल्या आठवड्यात भिवंडीतल्याच एका व्यापारी मंडळाचं कव्हर माझ्या काउंटरवर आलं. दिवाळी अंक, साईज सव्वासात बाय साडेनऊ इंच, प्लेट अजून काढायची होती. खरं नाव सांगत नाही, आपण त्याला 'किरणे' म्हणू. फोटो छान होता: हातात पणती घेतलेली बाई, मागे पॉवरलूम, ताणलेले धागे. तरीही मी म्हटलं, थांबा. प्लेट निघाल्यावर बदल केला की प्लेटचा खर्च पुन्हा येतो.

पहिली गोष्ट नाव. बाईचं डोकं नावावर चढवलं होतं. मोठी मासिकं असं करतात ना, म्हणून. अहो, पण त्यांचं नाव अर्धं झाकलं तरी लोक ओळखतात, तुमचा अंक वर्षातून एकदाच येतो. शिवाय आपली लिपी वेगळी आहे. इंग्रजी शब्दाचा वरचा अर्धा भाग दिसला तरी शब्द कळतो. देवनागरीत वर सगळ्यांना एकच शिरोरेषा, अक्षराची ओळख तिच्याखाली असते. आणि शिरोरेषेच्या वर असतात मात्रा, वेलांट्या. इथे केसांनी नेमकी 'णे'ची मात्रा झाकली होती, म्हणून अंकाचं नाव 'किरण' झालं होतं! कोणाच्या मुलाचं बारसं आहे की काय असं वाटावं.

डोकं चढवायचंच असेल तर 'र'सारख्या, वर काही नसलेल्या अक्षरावर चढवा, आणि तेही शिरोरेषेला जेमतेम टेकेल इतकंच. वेलांटीच्या वर कडेपर्यंत किमान पाव इंच मोकळं ठेवा, कारण कटिंगमध्ये कागद थोडा इकडेतिकडे होतोच.

आता नावामागची जागा. खरी गडबड इथे होती. पिवळ्या अक्षरांच्या मागे पांढरे चकाकते धागे. डिझायनरने आधी काळी बॉर्डर दिली, मग सावली, मग चमक. अक्षराला तीन-तीन कपडे चढवावे लागले की समजायचं, दुखणं अक्षरात नाही, मागच्या फोटोत आहे. खात्री करायची असेल तर कव्हर ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. आम्ही केलं तर पिवळं आणि पांढरं एकाच राखाडीत मिसळून गेलं, नाव जवळपास गायब.

उपाय फोटो काढतानाच असतो. फोटोग्राफरला सांगा, दोन पावलं मागे जा, डोक्यावर जागा सोड. साडेनऊ इंचात वरचे सव्वादोन इंच नावाचे, तिथे भिंत, अंधार, आकाश, काहीही एकसारखं चालेल. इथे पुन्हा फोटो काढायला वेळ नव्हता. म्हणून फोटो खाली सरकवला, पायाकडचा भाग कापला आणि वर कारखान्याच्या भिंतीचाच गडद रंग वाढवला. फोटो नुसता उभा ताणू नका, चेहरा लांबतो. मग नाव साधं पिवळं ठेवलं, बॉर्डर नाही, सावली नाही.

नाव वरच का, असंही मंडळींनी विचारलं. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर बघा, अंक एकावर एक सरकवून लावलेले असतात, दिसते ती वरची पट्टी. 'आवाज' घ्या. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेला हा अंक खिडकीचित्रांसाठी प्रसिद्ध झाला: कापलेल्या खिडकीतून एक दिसतं, पान उलटलं की भलतंच निघतं. ती गंमत कळायला आधी कोणीतरी अंक हातात घ्यावा लागतो.

राहिल्या ओळी. कव्हरवर नऊ होत्या. सगळ्यात मोठं अध्यक्षांचं नाव, त्याखाली 'कथा, कविता, राशिभविष्य', आणि तळाला बारीक अक्षरात 'जुने लूम विकावेत की चालवावेत? चार मालकांचा हिशोब'. मी विचारलं, अनोळखी माणूस यातल्या कशासाठी पैसे काढेल? राशिभविष्य तर ढीगभर अंकांत मिळतं. लूमचा हिशोब भिवंडीबाहेर कोण छापणार? ती ओळ वर घेतली, ३८ पॉइंटमध्ये. दुसऱ्या दोन ओळी २० पॉइंटला. किंमत आणि वर्ष एका कोपऱ्यात. बाकीचं सगळं आत, अनुक्रमणिकेत.

अध्यक्षांच्या नावावरून अर्धा तास वाद झाला. शेवटी त्यांना आतल्या पहिल्या पानावर फोटोसकट जागा दिली, तेव्हा ते राजी झाले. जाहिरातदाराचा लोगो मात्र कव्हरवरून हटवता आला नाही, पैसे आधीच घेतले होते. तो उजवीकडे तळाला, एक इंचाचा ठेवला.

मग कव्हरची प्रिंट काढून दुकानाच्या दारात लावली आणि समोरच्या फुटपाथवरून बघितली. तिथून नाव आणि लूमची ओळ, एवढंच वाचता आलं पाहिजे. तेच चित्र व्हॉट्सॲपवर पाठवून, न उघडता, छोटं असतानाच बघितलं. नाव वाचता आलं, लूमची ओळ नाही. ३८चे ४४ पॉइंट केले आणि फाईल प्रेसला दिली.