रविवारचा एक तास, म्हणजे नेमका किती?

मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी वसईतल्या चर्चमध्ये मिस्साच्या शेवटी, आशीर्वादाच्या आधी, सूचना वाचल्या जातात. ठरलेली लग्नं, दफनभूमीच्या साफसफाईचा दिवस, आणि त्यांच्यामागून एक आवाहन: जूनपासून मुलांच्या धर्मशिक्षणाचे वर्ग सुरू होत आहेत, शिक्षक हवे आहेत, रविवारी एक तास द्यायचा आहे, धर्माचं पुरेसं ज्ञान असावं, प्रशिक्षण दिलं जाईल. एवढं ऐकल्यावर बाकांवरची बरीच मंडळी प्रार्थनापुस्तकाची पानं चाळू लागतात. जे नाव देतात त्यांनाही या चार वाक्यांत काय काय दडलंय याचा अंदाज बहुधा गणपतीच्या सुमारास येतो.

कॅथलिक धर्मग्रामांत शाळकरी मुलांसाठी रविवारचे हे वर्ग वर्षानुवर्षं चालत आलेले आहेत. सकाळच्या मुलांच्या मिस्सानंतर मुलं शाळेच्या किंवा पॅरिश हॉलच्या खोल्यांत इयत्तेप्रमाणे बसतात. शिकवणारे फादर नसतात. एखाद्या वर्गावर सिस्टर असतात, बाकीच्यांवर आठवडाभर बँकेत, शाळेत, रुग्णालयात किंवा वाडीत राबणारी माणसं असतात आणि मुलं त्यांना टीचर म्हणतात. मानधन नसतं.

हे काम सामान्य माणसांनी करावं ही कल्पना जुनी आहे. इटलीतल्या मिलान शहरात १५३६ साली कास्तेल्लो दे कास्तेल्लानो या धर्मगुरूंनी सुट्टीच्या दिवशी मुलांना प्रार्थना आणि धर्मतत्त्वं शिकवणाऱ्या शाळा सुरू केल्या, त्या स्वयंसेवकांच्याच बळावर. वसईचा स्वतःचा दाखलाही आहे. १५९७ मध्ये जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेलेले वसईचे संत गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन बंधू होण्याआधी जपानमध्येच येशूसंघीयांच्या हाताखाली धर्मशिक्षक होते. आवाहनातला ‘एक तास’ मात्र नंतरचा. पोप दहावे पायस यांनी १९०५ साली काढलेल्या पत्रात सर्व धर्मग्रामांना बजावलं, की दर रविवारी आणि सणाच्या दिवशी मुलामुलींना तासभर धर्म शिकवा, आणि त्यासाठी सामान्य भाविकांची मदत घ्या.

तो तास मुलांचा होता. शिक्षकाचा किती, हे आवाहनात आलं नाही तर पुढे तक्रार होते, म्हणून ते मांडून पाहायला हवं. वर्ग भरतो पाऊण ते एक तास. शिक्षकाने त्याआधीच्या मिस्साला मुलांसोबत बसावं अशी अपेक्षा असते. पोरं मागच्या बाकांवर काय करतात ते पाहिलेल्या कोणालाही त्याचं कारण सांगावं लागत नाही. म्हणजे रविवारची सकाळ अडीच तासांची झाली. नव्या शिक्षकाला पाठाची तयारी करायला दीड-दोन तास लागतात. दुसऱ्या वर्षी तोच पाठ असेल तर निम्मे. याशिवाय शिक्षकांची अधूनमधून बैठक, पालकसभा आणि नाताळचा कार्यक्रम. जून ते मार्च या काळातून परीक्षा, दिवाळी आणि नाताळची सुट्टी वजा केली तर वर्ग होतात तीसेक. आठवड्याला चारेक तास आणि वर्षाला तीस रविवार हा खरा हिशेब. ज्याला रविवारी सकाळी अकराच्या आत घरी परतायचं असतं, त्याने हे आधी ऐकलेलं बरं.

पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वर्गाचा हिशेब वेगळा. साधारण तिसरी-चौथीतली ही मुलं वर्षाच्या शेवटी पहिल्यांदा पापकबुलीला जातात आणि मग पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतात. त्यामुळे इथे सोहळ्याच्या आधीचे दोन-तीन आठवडे सराव असतो, पालक पांढऱ्या कपड्यांविषयी फोन करतात, आणि गैरहजेरी भरून काढायला वेगळे वर्ग घ्यावे लागतात. हा वर्ग पहिल्या वर्षीच्या शिक्षकाच्या गळ्यात घालू नये. तरी तो घातला जातो, कारण अनुभवी शिक्षक तो चुकवतात.

आता ‘पुरेसं ज्ञान’. नाव देणारी व्यक्ती स्नानसंस्कार आणि दृढीकरण झालेली असावी, नेमाने मिस्साला जाणारी असावी, एवढं तर धरलेलंच असतं. त्यापुढे धर्मशास्त्राची पदवी कोणी मागत नाही. १९९२ साली जाहीर झालेल्या कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात २८६५ परिच्छेद आहेत, ते सगळे वाचलेला शिक्षक विरळाच. पण त्याचे चार भाग कोणते हे ठाऊक असावं लागतं: श्रद्धा, संस्कार, आज्ञा आणि प्रार्थना. मुलाने काहीही विचारलं तरी उत्तर कुठल्या भागात शोधायचं ते मग कळतं. पोटापुरतं ज्ञान आहे की नाही हे एका प्रश्नावरून ताडता येतं. नववी आज्ञा कोणती? कॅथलिक आणि बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांत दहा आज्ञांची मोजणी वेगळी आहे. मोबाइलवर सापडलेली यादी तशीच फळ्यावर उतरवणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात तिसऱ्याच पंथाची शिकवण तयार होते.

भाषेचं ज्ञान आवाहनात लिहिलेलं नसतं, पण वसईत तेच जास्त छळतं. घरी कादोडी किंवा वाडवळी, शाळेत इंग्रजी आणि चर्चमध्ये प्रमाण मराठी, अशी अनेक मुलांची स्थिती आहे. प्रार्थना त्यांना तोंडपाठ असतात, पण ‘पश्चात्ताप’ म्हणजे काय, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. शिक्षकाला ती गोष्ट घरच्या बोलीत सांगता आली पाहिजे आणि परत प्रार्थनेच्या मराठीवर आणता आली पाहिजे.

प्रशिक्षण कशासाठी, हे यावरून लक्षात येईल. चर्चच्या १९८३च्या कायदासंहितेतलं ७८० क्रमांकाचं कलम धर्मशिक्षकांच्या तयारीची जबाबदारी थेट बिशपांसारख्या स्थानिक प्रमुखांवर टाकतं. धर्माची शिकवण नीट समजणं आणि शिकवण्याचं शास्त्र व व्यवहार अवगत होणं, दोन्ही त्यात मागितलंय. व्यवहारात हे प्रशिक्षण म्हणजे सुट्टीतले काही दिवस, मग वर्षभरात अधूनमधून सत्रं, आणि जिथे माणसं पुरेशी आहेत तिथे जुन्या शिक्षकाच्या वर्गात सहायक म्हणून उमेदवारी. उमेदवारीतून जे कळतं ते व्याख्यानातून कळत नाही.

एक पाठ उलगडून पाहू. चौथीचा वर्ग आहे, पापकबुलीची तयारी चालू आहे, आणि गोष्ट आहे जक्कयाची. लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातल्या पहिल्या दहा ओव्यांत ती येते. यरीहो गावचा हा श्रीमंत जकातदार ठेंगणा असल्यामुळे गर्दीत येशू दिसावा म्हणून उंबराच्या झाडावर चढतो. येशू त्याला नावाने हाक मारतो आणि त्याच्या घरी जातो. लोक कुरकुर करतात. जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं ठरवतो आणि कोणाला फसवलं असेल तर चौपट परत करीन म्हणतो.

नवा शिक्षक ही गोष्ट दोन मिनिटांत संपवतो आणि उरलेला अर्धा तास ‘खोटं बोलू नये, चोरी करू नये’ यावर बोलतो. मागचे बाक तेव्हाच हातातून निसटतात. उमेदवारीत शिकवतात ते असं: झाड, गर्दी, हाक असं करत गोष्ट दहा मिनिटं सांगायची. मग मुलांना एकच प्रश्न द्यायचा, येशू घरी आधी गेला की जक्कयाने पैसे परत करायचं आधी ठरवलं? मुलं पुस्तक उघडून शोधतात आणि त्यांच्या ध्यानात येतं की हाक आधी आली. तिथून पापकबुलीकडे वळता येतं. आपण चांगले झाल्यावर देव बोलावतो असं नाही, त्याने बोलावल्यावर जक्कय बदलला. ‘चौपट परत’ हा दुवा शेवटच्या दहा मिनिटांसाठी. मित्राची वही फाडली तर फादरना सांगून भागत नाही, वहीचं काय करायचं? यावर चौथीतली मुलं तावातावाने बोलतात. वही फाडणारा त्या वर्गात बसलेला असला तरी बोलतात.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळायची. स्वतःची पापं मुलांना वर्गात मोठ्याने सांगायला लावायची नाहीत, वहीत लिहून तपासायला मागायची नाहीत. मुलांना सोपं जावं या भल्या हेतूने काही शिक्षक फळ्यावर नमुना लिहून देतात: आईचं ऐकलं नाही, भावाशी भांडलो, खोटं बोललो. मग तीस मुलं रांगेने तीच तीन वाक्यं घोकतात. एखाद्या एकुलत्या एक मुलाच्या ओठांवरही भावाशी भांडण असतं.

हे बिघडलंय हे शिक्षकाला बाहेरून कळण्याचा मार्गच नाही, हे या वर्गाचं वैशिष्ट्य. पापकबुलीत ऐकलेलं फादर कोणालाही, कुठल्याही कारणाने सांगू शकत नाहीत; ९८३ क्रमांकाचं कलम त्याबाबत काहीच पळवाट ठेवत नाही. ‘टीचर, तुमच्या मुलांची तयारी कच्ची आहे,’ असं कबुलीत ऐकलेल्याच्या आधारे ते म्हणू शकत नाहीत. एरवी शिक्षकाला परीक्षेचा निकाल हाती येतो, इथे तो कायमचा बंद राहतो. म्हणून अनुभवी शिक्षक आधीच चाचपून घेतात. मुलाला जक्कयाची गोष्ट त्याच्या शब्दांत सांगायला लावायची आणि त्याला कुठे थांबायचं वाटतं ते पाहायचं. झाडावरच थांबणारं मूल अजून तयार नसतं. घर आणि परतफेड यांच्यापर्यंत येणारं असतं.

प्रशिक्षणातला दुसरा भाग कमी रंजक आहे, पण तो टाळणाऱ्या धर्मग्रामात मूल पाठवताना पालकांनी विचार करावा. वर्गात किंवा कार्यालयात एखाद्या मुलासोबत दार लावून एकट्याने बसायचं नाही, मुलांना खासगी संदेश पाठवायचे नाहीत, निरोप पालकांच्या फोनवर द्यायचे, आणि फोटो विचारून काढायचे. २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलेल्या किंवा तशी शंका असलेल्या प्रत्येक व्यक्तीला पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. स्वयंसेवक त्यातून सुटत नाही. मूल वर्गात काही बोललं तर धर्मगुरूंच्या कानावर घातलं म्हणजे झालं, असं होत नाही.

नाव देणाऱ्याने पॅरिश कार्यालयात तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. कुठला वर्ग मिळणार आणि त्यात मुलं किती? सोबतीला दुसरा शिक्षक आहे का? आणि स्वतःचं मूल त्याच वर्गात असेल तर वर्ग बदलून मिळेल का? शेवटचं क्षुल्लक वाटतं, पण आईच्या वर्गात बसलेलं मूल एक तर अबोल होतं नाही तर वर्ग डोक्यावर घेतं. ज्यांची नोकरी पाळ्यांची आहे त्यांना दर रविवार जमत नाही. त्यांनी बदली शिक्षक म्हणून नाव द्यावं. पावसाळ्यात तापाच्या साथीत एकाच रविवारी तीन टीचर आजारी पडल्या की दोन वर्ग एकत्र करावे लागतात, आणि तेव्हा सातवीच्या मुलांना चौथीचा जक्कय पुन्हा ऐकावा लागतो.